पीएनआर खरा आहे, मग पैसे पाठवू का?

*नमस्कार. गणपतीला कणकवलीला सासरी जायचंय, आम्ही चौघं आहोत. कोकणकन्येचं आमचं वेटिंग हलत नाहीये. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने टाकलं, ‘घरात सुतक आलंय, चार कन्फर्म स्लीपर तिकिटं द्यायची आहेत.’ त्याने पीएनआर पाठवला. मी तपासला, चारही बर्थ कन्फर्म दाखवतात. माणशी पंधराशे सांगतोय. हजार रुपये टोकन मी पाठवलंय, उरलेले पाच हजार आज रात्रीपर्यंत मागतोय. आधारचे फोटो दिले तर आमची नावं टाकून देतो म्हणतो. हे म्हणतात, पीएनआर खरा निघाला, आता कसली शंका? भाच्यालाही कोणीतरी नेरुळच्या कॉन्सर्टची दोन तिकिटं देतंय. पैसे द्यायच्या आधी नेमकं काय तपासायचं असतं? — एक वाचक, डोंबिवली*

ताई, ते पाच हजार पाठवू नका. आणखी काही तपासून बघते आणि मग ठरवते, असंही करू नका. रेल्वेच्या तिकिटाच्या बाबतीत अनोळखी माणसाकडून घेताना तपासून खात्री करता येईल असं काही नसतंच. भाच्याचं प्रकरण वेगळं आहे, त्याच्याकडे नंतर येते.

आधी एक साधा प्रश्न विचारूया. हा माणूस तिकीट विकतोय कशाला? सुतक आलं, जायचं रद्द झालं, इथपर्यंत खरं धरू. अशा माणसाने काय करायचं असतं? तिकीट रद्द करायचं. गाडीला दिवस बाकी असतील तर ठरलेलं शुल्क कापून बाकीचे पैसे, ज्या खात्यातून तिकीट काढलं त्याच खात्यात परत येतात. घरबसल्या दोन मिनिटांचं काम आहे. ज्याच्या घरात खरोखर सुतक आहे तो माणूस ग्रुपवर गिऱ्हाईक शोधत बसणार नाही, आणि आज रात्रीपर्यंतच पैसे पाहिजेत म्हणून मागे तर मुळीच लागणार नाही. रेल्वे स्वतः तिकीट परत घेत असताना बाहेर विकायला निघालेला माणूस एकतर छापील भाड्यापेक्षा जास्त पैसे काढायला बसलाय, नाहीतर त्याच्याकडे विकायला काही नाहीच.

कारण निवडलंय मात्र नेमकं. कोकणातल्या माणसाला सुतक म्हटलं की तो पुढे एक अक्षर विचारत नाही.

आता पीएनआरचं बघू, कारण तुमचे यजमान तिथेच अडलेत आणि बहुतेक लोक तिथेच अडतात. दहा आकडी पीएनआर रेल्वेच्या चौकशीत टाकला की गाडी, तारीख, कुठून कुठे, वर्ग, डबा आणि बर्थ दिसतात, समोर CNF दिसतं. एकूण भाडंही दिसतं. त्याला चाराने भागून बघा, म्हणजे पंधराशेतले किती रेल्वेचे आणि किती त्याचे ते कळेल. पण एक गोष्ट तिथे दिसत नाही, ती म्हणजे नावं. प्रवासी १, प्रवासी २, एवढंच. रेल्वेने ते मुद्दाम तसं ठेवलंय आणि योग्यच आहे, नाहीतर कोणीही कोणाचा प्रवास शोधून काढेल. म्हणजे तुम्ही जे तपासलंत त्यातून इतकंच सिद्ध झालं की त्या गाडीत त्या बर्थवर कोणीतरी चार माणसं जाणार आहेत. ती माणसं समोरच्याच्या घरातली आहेत का, तिकीट त्याच्या ताब्यात आहे का, हे त्यातून कळत नाही.

असा खरा पीएनआर मिळवायला तिकीट काढावंही लागत नाही. लोक ‘चाललो गावाला’ म्हणून तिकिटाचा फोटो स्टेटसला लावतात. तोच फोटो वरून-खालून कापला, नावांवर बोट फिरवलं, की झालं विकाऊ तिकीट. तुम्हाला आलेल्या फोटोत नावांची ओळ, भाड्याची ओळ आणि क्यूआर कोड दिसतोय का ते पाहा. हे तिन्ही झाकलेले असतील तर फोटो कुठून उचलला असेल याचा अंदाज येईल.

समजा तिकीट खरंच त्याचं आहे. तरीही पीएनआर आज CNF दाखवतो तो आजपुरता. तुम्ही रात्री पाच हजार पाठवलेत, त्याने सकाळी लॉगिन करून चारही तिकिटं रद्द केली, तर तुमचे सहा हजार त्याच्याकडे आणि रेल्वेचा परतावाही त्याच्याच खात्यात. त्या क्षणापासून पीएनआरसमोर CAN दिसायला लागतं. पण एकदा कन्फर्म पाहिलेला पीएनआर पुन्हा कोण तपासतं? तुम्ही बॅगा भराल, उकडीचं पीठ घ्याल, ठाण्याच्या फलाटावर याल आणि तिथे कळेल. तिकीट रद्द करण्याचा अधिकार ते काढणाऱ्याच्या लॉगिनला असतो आणि तो चार्ट लागेपर्यंत त्याच्याकडेच राहतो. पैसे देऊन तुमच्याकडे येतो तो फक्त एक फोटो. शिवाय तोच फोटो त्याने अजून चार कुटुंबांना दिला असेल तर तुम्हाला कळायचा मार्ग नाही.

‘तुमची नावं टाकून देतो’ हा भाग तर सरळ थाप आहे. मी बरीच वर्षं आरक्षण खिडकीच्या आतल्या बाजूला बसून काम केलंय, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगते. तिकिटावरचं नाव बदलता येतं, पण घरच्याच माणसाच्या नावावर. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको, एवढीच नाती चालतात. गाडी सुटायच्या किमान चोवीस तास आधी आरक्षण कार्यालयात मुख्य आरक्षण पर्यवेक्षकाकडे लेखी अर्ज द्यायचा, सोबत तिकिटाची प्रिंट, ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा. पुराव्याला बहुतेक जण रेशनकार्ड आणतात. आणि एका तिकिटावर हे एकदाच होतं. नियम किती नेमका आहे ते बघा. तुमच्या दिरांचं तिकीट तुमच्या यजमानांच्या नावावर होईल, कारण ते भाऊ. तुमच्या नावावर नाही होणार, कारण यादीत भावजय नाही. चुलतभाऊ, मामेबहीण नाही. मग व्हॉट्सॲपवरचा परका माणूस कुठून बसणार? सरकारी कर्मचारी, विद्यार्थ्यांचा गट, लग्नाचं वऱ्हाड यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे, तिचा इथे संबंध नाही.

हे ऑनलाइन होत नाही, त्याच्या मोबाइलवरून तर नाहीच. मग तो काय करून देणार? तिकिटाच्या पीडीएफमध्ये जुनी नावं पुसून तुमची टाइप करून देणार. दिसायला अगदी हुबेहूब असेल. टीसी मात्र तुमचा कागद वाचत नाही, तो हातातल्या यंत्रावरची यादी वाचतो. तिथे त्या बर्थसमोर मूळ नाव, वय, स्त्री की पुरुष हे लिहिलेलं असतं. तुमचं आधार बघितलं की विषय संपला. आणि तोवर तुम्हा चौघांच्या आधारचे फोटो त्या माणसाकडे गेलेले असतील. उद्या त्याच आधारवर दुसऱ्या एखाद्या ग्रुपवर तो ‘मी डोंबिवलीची अमुक तमुक, हे बघा माझं ओळखपत्र’ म्हणून तिकिटं विकेल. तेव्हा फोटो पाठवले नसतील तर पाठवू नकाच.

तुम्ही नकार दिल्यावर तो अजून एक गोष्ट सुचवेल असा माझा अंदाज आहे. ‘आमच्यातला एक जण तुमच्याबरोबर येईल, ई-तिकिटावर एकाचंच ओळखपत्र लागतं.’ एकाचं मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं हे खरं आहे, म्हणूनच ही थाप पटते. पण तो एक जण गाडीत आला तरी बाकीची तीन नावं तुमची होत नाहीत, आणि टीसीला शंका आली तर तो प्रत्येकाला विचारू शकतो. पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषाच्या बर्थवर एखादी मुलगी बसलेली असेल तर शंका यायला वेळ लागत नाही.

पकडलं गेल्यावर काय होतं हेही स्पष्ट सांगते, कारण ‘होईल काहीतरी दंड, भरू’ असं यजमान म्हणतील. १९८९ च्या रेल्वे कायद्यात आरक्षित तिकीट दुसऱ्याला देणं-विकणं मना आहे. कलम १४२ प्रमाणे विकणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. असं तिकीट घेऊन जो प्रवास करतो त्याचं तिकीट जप्त होतं आणि तो विनातिकीट धरला जातो. म्हणजे पूर्ण भाडं, वर तेवढंच किंवा किमान अडीचशे रुपये जादा, आणि हे माणशी. बर्थ गेला तो गेलाच. गणपतीच्या गर्दीत रात्री दोन वाजता चौघं सामान घेऊन डब्यात उभे, दंडाच्या पावत्या हातात. त्यात त्या माणसाचे सहा हजार धरलेले नाहीत.

आता तुमच्या हजार रुपयांचं. हे काम आज, हे वाचून झाल्या झाल्या करा. आधी त्या माणसाशी झालेलं सगळं चॅट, त्याचा नंबर, ग्रुपवरचा त्याचा मूळ मेसेज, तिकिटाचा फोटो, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. नकार दिल्यावर तो मेसेज पुसेल, म्हणून नकार नंतर द्या. मग यूपीआय ॲपमध्ये तो व्यवहार उघडा. तिथे बारा आकडी यूटीआर क्रमांक असतो तो टिपून घ्या, आणि पैसे कोणाच्या नावावर गेले तेही बघा. सांगणारा कोकणातला आणि खात्यावर भलत्याच प्रांतातलं नाव, असं पुष्कळदा निघतं, कारण खातं भाड्याने घेतलेलं असतं. मग १९३० ला फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा, आणि बँकेलाही कळवा. पैसे त्या खात्यातून पुढे जाण्याआधी तक्रार पोचली तर ते गोठवता येतात. म्हणून आज आणि उद्या यात फरक आहे. ‘हजारच तर आहेत’ म्हणून सोडू नका. तुमच्यासारख्या दहा जणांनी हजार-हजार सोडले म्हणूनच हा धंदा चालतो. रेल्वेच्या १३९ वरही कळवा, तिकिटांच्या दलालीचं प्रकरण रेल्वे सुरक्षा दल बघतं. विना परवाना तिकिटांचा धंदा करणाऱ्याला कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार केली तर आपणच अडकू या भीतीने गप्प बसू नका, फसवणूक तुमची झालीय.

एक सावधगिरी. तुम्ही टोकन परत मागितलंत की तो म्हणेल, ‘देतो ना, मी पाठवतो त्या क्यूआरवर स्कॅन करा’ किंवा ‘पिन टाका म्हणजे जमा होईल’. पैसे आपल्या खात्यात यायला ना स्कॅन करावं लागतं, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. परत देतो म्हणून दुसऱ्यांदा लुटणं हा या धंद्याचा दुसरा अंक आहे.

आता भाचा. मघाचाच प्रश्न पुन्हा विचारा, विकतोय कशाला? इथे उत्तर वेगळं येतं. कॉन्सर्टचं किंवा मॅचचं तिकीट एकदा घेतलं की साधारणपणे परत घेत नाहीत. म्हणजे ज्याला खरंच जमत नाहीये अशा प्रामाणिक माणसालाही विकण्यावाचून इलाज नसतो. म्हणून इथे तपासण्यात अर्थ आहे. पण तपासायचं काय ते बदलतं.

मोबाइल तिकिटावरचा क्यूआर जर सगळ्यांना दिसणारा, न बदलणारा असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट दहा जणांना विकता येतो आणि गेटवर जो पहिला स्कॅन होईल तो आत. बाकीच्या नऊ जणांचं तिकीटही खरंच असतं, फक्त वापरून झालेलं असतं. त्यामुळे स्क्रीनशॉटवर, पीडीएफवर, ई-मेल फॉरवर्ड केल्यावर पैसे द्यायचेच नाहीत. व्हिडिओ कॉलवर ॲप उघडून दाखवलं तरी त्याच्याकडे तिकीट आहे एवढंच कळतं. भाच्याने विचारायचं ते एकच, की ज्या ॲपवर तिकीट घेतलं त्या ॲपमध्ये ते दुसऱ्याच्या नंबरवर पाठवायची सोय आहे का. सगळ्या कार्यक्रमांना ती नसते, आयोजक ठरवतात, आणि ते भाच्याला त्या कार्यक्रमाच्या अटींमध्ये वाचता येईल. सोय असेल तर तिकीट भाच्याच्या लॉगिनमध्ये त्याच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर आलं पाहिजे आणि विकणाऱ्याच्या ॲपमधून गेलं पाहिजे. पैसे त्यानंतर. समोरासमोर बसून केलं तर उत्तम.

सोय नसेल तर एकच बरा मार्ग राहतो. विकणाऱ्याने एकाच खरेदीत चार तिकिटं घेतलीत आणि दोन देतोय, असं असेल तर भाच्याने त्याच्याबरोबरच गेटमधून आत जायचं आणि आत गेल्यावर पैसे द्यायचे. ज्याचं तिकीट खरं आहे त्याला यात काही अडचण नसते. कुरिअरने येणारं छापील तिकीट किंवा मनगटपट्टी असेल तर ती हातात घेतल्याशिवाय पैसे नाहीत. आणि ‘खिडकीवरून घ्यायचंय, बुकिंग नंबर देतो’ म्हणाला तर नको म्हणायचं. तिथे ज्याने बुकिंग केलं त्याचं ओळखपत्र मागतात. त्यालाच खिडकीवर यायला सांगा.

मॅचच्या तिकिटांना अजून एक प्रश्न कामाला येतो. कोणता स्टँड, कोणता मजला, कोणतं गेट, किती छापील किंमत? स्टँड एक आणि गेट भलत्याच स्टँडचं सांगणारा माणूस तिकीट बघून बोलत नसतो. आयोजकाच्या आसन-नकाशाशी उत्तर ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात. ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेला मानाचा पास असेल तर तो फुकट मिळाला तरी जपून घ्यावा, गेटवर विचारलं तर उत्तर भाच्याला द्यावं लागतं. आणि हे सगळं करूनही बऱ्याच आयोजकांच्या अटींत पुन्हा विकलेलं तिकीट रद्द करायचा हक्क त्यांनी राखलेला असतो, तेवढा धोका उरतोच. तो घ्यायचा की नाही हे भाच्याने ठरवावं.

राहिलं तुमचं कणकवलीला जाणं. तुमचं वेटिंगचं तिकीट रद्द करू नका. दलालांनी आणि हौशी लोकांनी अडवून ठेवलेले बर्थ शेवटच्या दिवसांत सुटतात आणि ते वेटिंगवाल्यांनाच मिळतात. चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर ई-तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. फक्त त्या तिकिटावर स्लीपरच्या डब्यात चढू नका. तोवर तात्काळची तयारी करून ठेवा. गाडी सुटायच्या आदल्या दिवशी स्लीपरचं तात्काळ सकाळी अकराला उघडतं, एसीचं दहाला. एका तिकिटावर चार जण बसतात, म्हणजे तुमचं काम एकातच होतं. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तात्काळला आयआरसीटीसीचं खातं आधारने प्रमाणित केलेलं लागतं. हे आजच करून ठेवा, अकराला पाच कमी असताना नाही. चौघांची नावं मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवलीत की टाइप करण्यात जाणारा वेळ वाचतो. पहिला अर्धा तास एजंटांना तात्काळ काढायला बंदी आहे, तेव्हा ती तीस मिनिटं तुमचीच. तात्काळचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर पैसे मिळत नाहीत, हे मात्र लक्षात घेऊन काढा.

गणपती विशेष गाड्यांच्या घोषणा मध्य रेल्वे आणि कोकण रेल्वे टप्प्याटप्प्याने करतात आणि आरक्षण कधी सुरू होणार ती तारीखही सोबत देतात. पहिल्या यादीत जागा मिळाली नाही म्हणून दुसरी बघायची सोडू नका. आणि एसटीच्या गट आरक्षणाचा विषय ग्रुपवर काढून बघा. तुमच्या भागातून कणकवली-वैभववाडीकडे जाणारी बसभर माणसं त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निघाली तर आगारात जाऊन एक अख्खी गाडी सांगता येते, ती थेट गावापर्यंत जाते. साध्या आरक्षणाच्या एसटीत तुम्हाला आणि बरोबरच्या बायका-मुलींना अर्धं तिकीट आहे, कोणी पंच्याहत्तरीच्या पुढचं असेल तर त्यांना पूर्ण मोफत. ग्रुपवर लिहिणारच आहात तर त्याच मेसेजमध्ये त्या तिकीटवाल्याचा नंबर द्या आणि ॲडमिनला त्याला काढायला सांगा.